शनिवार-रविवारात मावणारी मालिका

सरकारी रुग्णालयात सोमवारची ओपीडी सगळ्यात मोठी असते. रविवारभर अंगावर काढलेली दुखणी सोमवारी सकाळी केसपेपरच्या रांगेत उभी असतात. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका सोमवारी आमवाताच्या एक मावशी समोर बसल्या होत्या. चार वर्षांपासून त्या मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळ्या घेतात. या औषधाची खासियत अशी की ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. मी त्यांच्या पेपरवर नेहमीच्या सहा गोळ्या लिहिल्या आणि पुढे ‘आठवड्यातून एकदा’ऐवजी ‘रोज एकदा’ लिहिले.

औषध खिडकीवरच्या फार्मासिस्ट ताई पेपर घेऊन स्वतः आत आल्या. ‘‘सर, हे रोज लिहिलंय तुम्ही. आठवड्याचं आहे ना?’’ एवढेच त्या म्हणाल्या आणि दुरुस्ती करून घेऊन गेल्या. त्यांनी पाहिले नसते तर काय झाले असते, हे मला चांगले माहीत आहे. हे औषध रोज पोटात गेले तर आठवड्या-दोन आठवड्यांत तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि रुग्ण दगावूही शकतो. एवढी वर्षे मी हेच विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे.

आदल्या रात्री मी अडीच वाजता झोपलो होतो. कोणी सिरियस नव्हते, इमर्जन्सी कॉलही नव्हता. मी एक वेबसीरीज संपवत होतो.

हा किस्सा मी सांगतो तेव्हा लोकांना वाटते, आता डॉक्टर मालिका पाहू नका असे सांगणार. तसे मी सांगणार नाही. आठवडाभर माणसांची दुखणी ऐकल्यावर एक चांगली गोष्ट सलग पाहण्यात मला आजही विश्रांती मिळते. माझी चूक मालिका निवडताना झाली होती. दहा भागांची मालिका मी शनिवारी संध्याकाळी सुरू केली. विषय चांगला, सगळे कौतुक करत होते, आणि ‘एकच सीझन आहे, वीकेंडला होऊन जाईल’ असे कोणीतरी म्हणाले होते. ते वीकेंडला होऊन जाणारच नव्हते. सुरू करण्याआधी कागदावर दोन मिनिटे बेरीज केली असती तर ते कळले असते. तेव्हापासून आमच्या घरी मालिका निवडताना आधी बेरीज होते, विषयाची चर्चा नंतर.

बेरजेची सुरुवात मालिकेपासून करायची नाही, आपल्या शनिवार-रविवारपासून करायची. राज्य सरकारी कार्यालयांना २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पण रुग्णालये त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे माझा वीकेंड शनिवारी दुपारी सुरू होतो. जेवण, थोडी वामकुक्षी, किराणा, आईची औषधे भरून ठेवणे हे सगळे झाल्यावर शनिवारी साडेपाच ते साडेआठ असे तीन तास मोकळे मिळतात. रविवारी सकाळ भाजी, इस्त्री आणि नातेवाइकांची. मग दुपारी चार ते रात्री आठ असे चार तास. एकूण झाले सात. तुमचे पाच असतील किंवा नऊ असतील, पण आकडा आधी काढा. यात एक अट आहे. झोपायच्या वेळेआधीचे दोन तास या हिशेबात धरायचे नाहीत. ते का, ते पुढे सांगतो.

आता मालिकेकडे वळू. बहुतेक लोक किती भाग आहेत ते पाहतात. तो आकडा फसवा असतो. अर्ध्या तासाचे सात भाग म्हणजे साडेतीन तास होतात आणि तासाहून मोठे पाच भाग म्हणजे साडेपाच तास. ओटीटीवर मालिकेचे पान उघडले की प्रत्येक भागाखाली त्याची लांबी मिनिटांत दिलेली असते. ती सगळी मिनिटे मिळवायची. त्यात दर भागामागे पंधरा मिनिटे जास्तीची धरायची. कारण माणूस मध्ये उठतो, दार वाजते, फोन येतो, चहा होतो, कोणीतरी ‘आता काय म्हणाला तो?’ विचारते आणि आपण मागे नेऊन पुन्हा पाहतो. ही पंधरा मिनिटे न धरल्यामुळेच रात्री नऊला संपणारी गोष्ट अकराला संपते.

या हिशेबाने तासाभराचे आठ भाग म्हणजे आठ अधिक दोन, दहा तास. ते माझ्या सात तासांत बसत नाही. ती मालिका वाईट नसते, फक्त ती दोन वीकेंडची असते. तिला दोन वीकेंड द्यावेत किंवा दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवावी. तासाभराचे चार भाग म्हणजे पाच तास. हे आरामात बसते.

दुसरी गोष्ट तपासायची ती शेवट. ‘लिमिटेड सीरीज’ या शब्दाचा अर्थ ठरलेल्या भागांत गोष्ट पूर्ण होणार, असा असतो. पण मालिका गाजली की हा शब्द लवचीक होतो. ‘बिग लिटल लाइज’ ही २०१७मध्ये अशीच एका फेरीत संपणारी म्हणून आली आणि २०१९मध्ये तिचा दुसरा सीझन निघाला. ‘द व्हाइट लोटस’चेही तसेच झाले. या दोन्हींच्या पहिल्या सीझनची गोष्ट तिथल्या तिथे पुरी होते, म्हणून बिघडत नाही. पण काही मालिकांचा पहिला सीझन मुद्दाम अर्ध्यावर सोडलेला असतो. अशी मालिका रविवारी संपते, पण डोक्यातून जात नाही आणि हात आपोआप पुढच्या सीझनकडे जातो. म्हणून ज्याने पाहिली आहे त्याला एवढेच विचारावे, ‘शेवट होतो का?’ काय होते ते विचारू नये.

आता झोपेकडे येतो, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे.

आपल्याला झोप दोन कारणांनी येते. एक म्हणजे जागे राहण्याचा दाब. आपण जितका वेळ जागे असतो तितका मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि डोळे जड होतात. दुसरे म्हणजे मेंदूतले घड्याळ. ते मुख्यतः सकाळच्या उजेडावर चालते आणि रात्री ठरावीक वेळी शरीराला झोपेच्या तयारीला लावते. ही दोन्ही एकाच वेळी जुळून आली की पाठ टेकताच झोप लागते.

शनिवारी रात्री आपण दोन वाजेपर्यंत मालिका पाहतो तेव्हा या दोन्हींचे गणित बिघडते, पण ते त्या रात्री कळत नाही. रविवारी आपण साडेनऊला उठतो आणि झोप भरून निघाली असे समजतो. मग रविवारी रात्री अकराला अंथरुणावर पडतो. रोज सहाला उठणारा माणूस अकरा वाजता सतरा तास जागा असतो. त्या रविवारी मात्र आपण साडेतेराच तास जागे असतो. दाब पुरेसा साठलेला नसतो. सकाळचा उजेडही उशिरा मिळाल्यामुळे घड्याळ मागे सरकलेले असते. झोप येत नाही. झोप येत नाही म्हणून माणूस म्हणतो, ‘चला, एक भाग पाहू.’ आणि सोमवारचा गजर तर सहाचाच असतो. माझा अडीच वाजताचा रविवार असाच घडला होता. त्याचे मूळ शनिवारच्या रात्रीत होते.

पश्चिमेकडच्या देशात जाऊन आल्यावर विमान प्रवाशाची जी अवस्था होते तीच ही अवस्था, फक्त घरबसल्या. झोपेचे संशोधक टिल रोएनबर्ग यांनी तिला सोशल जेटलॅग असे नाव दिले. कामाच्या दिवसांतली आणि सुट्टीतली झोपेची वेळ यांत जितके तासांचे अंतर, तितका हा जेटलॅग मोठा. म्हणून मालिका निवडताना माझी पहिली कसोटी अशी, की ती पाहूनही रविवारी सकाळी मला रोजच्यापेक्षा फार तर तासाभराने उशिरा उठता आले पाहिजे.

दोन तास मोकळे सोडायचे ते वेगळ्या कारणासाठी. पडद्याच्या निळ्या प्रकाशाची चर्चा फार होते आणि त्याचा थोडा परिणाम असतोही. पण दहा फुटांवरच्या टीव्हीपेक्षा टीव्हीवर काय चालले आहे याचा परिणाम मला रुग्णांत जास्त दिसतो. पाठलाग, खून, कोर्टातली उलटतपासणी पाहताना नाडी वाढते, स्नायू ताणलेले राहतात, आणि टीव्ही बंद केल्यावरही डोके ‘मग तो का गेला तिथे?’ याचा विचार करत राहते. २०१७मध्ये बेल्जियममधल्या तरुणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका बैठकीत भागामागून भाग पाहणाऱ्यांची झोप जास्त खराब आढळली, आणि त्याचा संबंध झोपण्यापूर्वी मन जागे राहण्याशी लागला. अशा अभ्यासातून कारण पक्के सिद्ध होत नाही, कारण ज्यांना मुळात झोप येत नाही तेही रात्री मालिका पाहत बसतात. पण ओपीडीत ‘पडलो तरी डोक्यात चालूच असतं’ असे सांगणारे रोज भेटतात आणि त्या वर्णनाशी हे जुळते.

मग थांबणे एवढे अवघड का जाते? कारण भाग जिथे संपतो ती जागा थांबण्यासाठी लिहिलेलीच नसते. लेखक तिथे मुद्दाम गाठ मारून ठेवतो. त्यातच काही सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू होतो. म्हणजे थांबायचे तर आपल्याला काहीतरी करावे लागते आणि चालू ठेवायला काहीच करावे लागत नाही. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक ओटीटींच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. ती आजच बंद करा. आणि थांबायचेच असेल तर भागाच्या शेवटी थांबू नका. पुढच्या भागात पाच-दहा मिनिटे जा. गाठ सुटते, नवी अजून पडलेली नसते, तिथे थांबा. ऐकायला विचित्र वाटते, पण आमच्या घरात हा उपाय सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे.

हे सगळे एका मालिकेवर करून दाखवतो. ‘चेर्नोबिल’ ही २०१९ची मालिका. २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघात युक्रेनमधल्या अणुवीज केंद्रात झालेला स्फोट हा तिचा विषय. भाग पाच, प्रत्येक साधारण एक तास ते एक तास दहा-बारा मिनिटांचा, मिळून सुमारे साडेपाच तास. पाच भागांमागे पंधरा-पंधरा मिनिटे, म्हणजे सव्वा तास. एकूण पावणेसात. माझे सात तास आहेत, म्हणजे बसते. गोष्ट पाचव्या भागात पूर्ण होते आणि दुसरा सीझन नाही. दोन्ही कसोट्या पार पडल्या.

आता तिची वाटणी. शनिवारी साडेपाचला पहिला भाग लावला. स्फोट आणि ती पहिली रात्र. पंधरा मिनिटे उठलो. मग दुसरा. दुसऱ्या भागाचा शेवट असा आहे की तीन माणसे अणुभट्टीखालच्या पाण्यात, अंधारात उतरतात आणि त्यांच्या हातातल्या बॅटऱ्या विझतात. इथे टीव्ही बंद करून कोणाला झोप येणार? म्हणून आम्ही तिसरा भाग सुरू करून त्या माणसांचे काय होते एवढे पाहिले आणि बंद केला. सव्वाआठ वाजले होते. जेवलो, गच्चीवर फिरलो, अकराला झोपलो, रविवारी पावणेसातला उठलो.

राहिलेली वाटणी मुद्दाम अशी केली आहे. तिसरा भाग मॉस्कोच्या रुग्णालयातला आहे. किरणोत्सर्गाने भाजलेले अग्निशमन जवान तिथे मरतात, आणि ते जसे दिसते तसे दाखवले आहे. चौथ्यात ओसाड गावांतली मागे राहिलेली पाळीव जनावरे मारायला निघालेल्या तुकडीची गोष्ट आहे. मी मृत्यू रोज पाहतो, तरी मला हा चौथा भाग जड गेला. हे दोन भाग रात्री दहाला पाहायचे नाहीत. ते रविवारी दुपारी चारच्या उजेडात पाहिले, घरात माणसांची ये-जा असताना. पाचवा भाग मुख्यतः खटल्याचा आहे. अपघात कसा घडला हे त्यात एकेक पायरी करून सांगितले जाते, आणि डोके शांत होते. आठ वाजता मालिका संपली. लहान मुले घरात असतील तर ही मालिका निवडूच नका किंवा ती मामाकडे गेली असतील तो वीकेंड पाहा.

आठ वाजता संपवण्याचे आणखी एक कारण आहे. खऱ्या घटनेवरची मालिका संपली की माणूस लगेच फोन हातात घेतो आणि खरेच असे झाले होते का ते शोधू लागतो. हा शोध तास-दीड तास सहज खातो. मालिका साडेदहाला संपली तर हा शोध साडेअकरापर्यंत अंथरुणात चालतो. आम्ही तो जेवणाच्या ताटावर उरकला.

माझ्या मुलीने विचारले, ‘‘बाबा, त्या बाईच्या पोटातल्या बाळाने रेडिएशन शोषून घेतलं म्हणून ती वाचली, हे खरं का?’’ मालिकेत अग्निशमन जवानाची गरोदर पत्नी नवऱ्याला शिवते, त्याच्याजवळ बसते, आणि नंतर असे सूचित केले आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर नाही. किरणोत्सर्गाने आजारी पडलेल्या माणसाचे कपडे काढून त्याला नीट धुतले की त्याच्याजवळ बसणाऱ्याला त्याच्यापासून मोठा धोका उरत नाही, आणि पोटातले बाळ आईच्या अंगातला किरणोत्सर्ग ओढून घेऊन तिला वाचवू शकत नाही. त्या रुग्णांभोवती प्लास्टिकचे पडदे असतात ते उलट कारणासाठी. त्यांच्या हाडांतला मगज नष्ट झालेला असतो, पांढऱ्या पेशी उरत नाहीत, आणि भेटायला आलेल्याचा साधा जंतुसंसर्ग त्यांचा जीव घेऊ शकतो. पडदा रुग्णाला आपल्यापासून वाचवतो. याउलट मालिकेतली एक गोष्ट अगदी बरोबर आहे. आधी उलट्या, मग काही दिवस रुग्ण बरा वाटतो, हसतो, पत्ते खेळतो, आणि मग कोसळतो. या आजाराचा क्रम असाच असतो. त्या अपघातात १३४ जणांना हा तीव्र आजार झाल्याचे निश्चित झाले आणि त्यांतले २८ जण त्याच वर्षी गेले.

हे बोलून होईपर्यंत साडेनऊ झाले. मग भांडी, सोमवारचा डबा, आणि अकराला दिवे बंद.

बसण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. ती पंधरा मिनिटे मी केवळ हिशेबासाठी धरत नाही. पाय खाली सोडून तासन्‌तास बसले की पोटऱ्यांतले रक्त संथ होते, आणि क्वचित कोणाला तिथे गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. लांबच्या विमान प्रवासात जे होते तेच हे. जपानमध्ये दीर्घकाळ चाललेल्या एका मोठ्या पाहणीत, रोज पाच तासांहून जास्त टीव्ही पाहणाऱ्यांत अशा गुठळीने मृत्यू होण्याचे प्रमाण अडीच तासांहून कमी पाहणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट दिसले. हा धोका मुळात लहान आहे, त्यामुळे एका रविवारने घाबरून जायचे कारण नाही. पण प्रत्येक भागानंतर उठा, घरात चालून या, पाणी प्या. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, नुकतेच ऑपरेशन झाले आहे, बाळंतपण झाले आहे किंवा एक पाय अचानक सुजून दुखतो आहे, त्यांनी हे टाळू नये. पाय असा सुजला तर मालिका राहू द्या आणि रुग्णालयात या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मालिकेच्या वेळा जेवणाच्या वेळेभोवती बसवाव्यात, उलटे करू नये. ‘हा भाग संपू दे’ म्हणून इन्सुलिन घेतल्यावर जेवण तासभर पुढे गेले आणि साखर घसरून घाम फुटलेला माणूस रविवारी रात्री कॅज्युअल्टीत आणला, असे आम्ही पाहिले आहे. आणि ताटाऐवजी मांडीवर फरसाणचा डबा घेतला की किती खाल्ले ते कळत नाही. वाटीत काढून घ्या आणि डबा स्वयंपाकघरात ठेवा.

काही जणांसाठी मात्र माझा सात तासांचा हिशेबही चालणार नाही. ज्यांना फिट्स येतात त्यांना जागरणाने फिट येऊ शकते, औषध नियमित असले तरी. ज्यांना बायपोलर आजार आहे त्यांच्यात एका रात्रीचे जागरणही तेजीचा झटका सुरू करू शकते. त्यांनी दिवसाला दोन भागांच्या पुढे जाऊ नये आणि सूर्यास्तानंतर नवा भाग सुरू करू नये. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक यांच्या सुट्टीचा पहिला दिवस मुळात झोपेचा असतो. त्यांनी तो हिशेबातून पूर्ण वगळावा आणि उरलेल्या दिवशी तीन-चार तासांत संपेल असेच काही निवडावे.

एवढे करूनही कधीतरी हिशेब चुकतो. पाहुणे येतात, वीज जाते, एक भाग उरतो. तो सोमवारी संध्याकाळी पाहायचा. रविवारी रात्री ओढून न्यायचा नाही. आणि जागरण झालेच, तर सोमवारी रात्री झोप येईल तेव्हा नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास लवकर झोपा, पण सकाळची उठण्याची वेळ हलवू नका. बिघाड झाला आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सोमवारी दुपारी अडीच-तीनला, जेवण हलके असूनही, बसल्या जागी डोळे मिटणे. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणे ही दुसरी. त्या दिवशी गाडी लांब चालवू नका, आणि पैशांचे किंवा औषधांचे काम कोणाला तरी दुसऱ्या नजरेने तपासायला सांगा. मी आता सोमवारी मेथोट्रेक्सेटपुढे ‘आठवड्यातून एकदा’ लिहून त्याखाली वारही लिहितो, आणि तो मावशींकडून मोठ्याने म्हणवून घेतो.

येत्या वीकेंडसाठी आमच्या घरी ‘द रेल्वे मेन’ ठरली आहे. २०२३ची, भोपाळच्या वायुदुर्घटनेवरची. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या त्या रात्रीची बातमी आली तेव्हा मी शाळेत होतो, आणि वडिलांनी ती आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती. चार भाग, मिळून चार तासांच्या आसपास. त्यात एक तास उठण्या-बसण्याचा. दोन भाग शनिवारी, दोन रविवारी. शनिवारी साडेपाचला सुरू केली तर आठपर्यंत दोन भाग होतील, आणि रविवारी चारला बसलो तर साडेसहाला संपेल. आईला संध्याकाळचे औषध सातला असते.